अंदाजपत्रकाचा ताळा: बेरीज जुळते, तरी चूक उरते

2010 साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि अनेक देशांतल्या धोरणचर्चेत त्याचा आधार घेतला गेला. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल फाइल मिळवून तपासली, तेव्हा 20 देशांच्या सरासरीचे सूत्र यादीतल्या 15 व्या देशावरच थांबलेले आढळले. पाच देश हिशेबात आलेच नव्हते. निष्कर्षातला बराचसा फरक इतर कारणांमुळे, म्हणजे काही वर्षे वगळल्यामुळे आणि देशांना दिलेल्या भारांमुळे पडला होता. सूत्रातल्या चुकीचा वाटा त्या मानाने लहान होता. तरीही अंदाजपत्रक तयार करणाऱ्या प्रत्येकाने या चुकीचा प्रकार नीट समजून घ्यावा, कारण तिच्यात एकही आकडा चुकलेला नसतो आणि पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही.

एक लहान अंदाजपत्रक घेऊ. A स्तंभात खर्चाची शीर्षे आहेत, B ते E या स्तंभांत चार तिमाह्या आणि F मध्ये प्रत्येक ओळीची बेरीज. ओळ 2 ते 6 मध्ये वेतन, भाडे, प्रवास, छपाई आणि दुरुस्ती ही पाच शीर्षे आहेत आणि त्यांची एकूण रक्कम 14,66,000 होते. शेवटच्या क्षणी 'प्रशिक्षण' हे सहावे शीर्ष ओळ 7 मध्ये घातले जाते. त्याच्या रकमा 20,000, 0, 20,000 आणि 0 अशा आहेत, म्हणून F7 मध्ये 40,000 दिसतात. बेरजेची ओळ आता आठवी झाली, पण तिच्यातले सूत्र मात्र `=SUM(B2:B6)` असेच राहिले. बेरजेच्या मध्ये ओळ घातली तर सूत्राची व्याप्ती आपोआप वाढते. अगदी शेवटी घातली तर प्रोग्राम ती कधी वाढवतो, कधी वाढवत नाही, आणि त्यावर विसंबून राहता येत नाही.

येथे बहुतेक जण आडवी आणि उभी बेरीज ताडून पाहतात. ही पद्धत चांगलीच आहे, पण तिच्यात एक खाच आहे. एकूण रकमेच्या F8 या चौकटीत `=SUM(B8:E8)` असेल तर उत्तर 14,66,000 येते. ताळ्यासाठी शेजारी `=SUM(F2:F6)` लिहिले असेल, तर तेही 14,66,000 च येते. दोन्ही बेरजा त्याच एका ओळीला वगळतात, म्हणून त्या एकमेकींशी जुळतात आणि 40,000 बाहेर राहतात. ताळा खरा ठरायचा असेल, तर तपासणीची बेरीज मूळ बेरजेच्या सूत्रांपासून स्वतंत्र असली पाहिजे. म्हणून तपासताना पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंतचा सगळा भाग माउसने नव्याने निवडावा आणि एक्सेलच्या तळपट्टीवर दिसणारी बेरीज पाहावी, किंवा व्याप्ती डोळ्यांनी पडताळून हे सूत्र लिहावे:

```
=SUM(B2:E7)-F8
```

उत्तर शून्य आले पाहिजे. आपल्या उदाहरणात ते 40,000 येते, आणि हा फरकच चुकीकडे बोट दाखवतो. फरक एखाद्या ओळीच्या किंवा चौकटीच्या रकमेइतका असेल, तर बहुधा तेवढीच रक्कम सुटली आहे. फरकाची निम्मी रक्कम कुठे सापडली, तर तिथे अधिक-उणे चिन्ह उलटे पडले असण्याची शक्यता मोठी असते. एकूण रक्कम अपेक्षेच्या बरोबर दुप्पट असेल, तर उपबेरजाही मुख्य बेरजेत मोजल्या गेल्या आहेत का, ते पाहावे.

मात्र आकडा टाइप करतानाच चुकला असेल, तर ही तपासणी काहीच सांगत नाही, कारण चुकीचा आकडा सगळ्याच बेरजांत तितकाच चुकीचा धरला जातो. त्यासाठी बाहेरचा आधार लागतो: प्रवासखर्चाचे आकडे ज्या विभागाकडून आले, त्याने स्वतः काढलेली बेरीज. समजा, विभागाची बेरीज 1,35,000 आहे आणि आपल्या ओळीची 1,26,000. फरक 9,000 आहे आणि त्याला 9 ने पूर्ण भाग जातो, म्हणून शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय घ्यावा. यामागचे गणित सोपे आहे. दशकस्थानी क आणि एककस्थानी ख असेल, तर संख्येचे मूल्य 10क + ख होते, उलट लिहिल्यास 10ख + क होते आणि दोघांतला फरक नेहमी 9 च्या पटीत येतो. शोधले तर तिसऱ्या तिमाहीत 54,000 ऐवजी 45,000 सापडतात. एखादे शून्य कमी-जास्त पडले तरीही फरक 9 च्या पटीतच येतो: 12,500 ऐवजी 1,250 लिहिल्यास 11,250, म्हणजे 1,250 ची नऊपट. अर्थात सहज पडलेल्या नऊ फरकांपैकी साधारण एकाला 9 ने भाग जाणारच, म्हणून हा फक्त माग समजावा, पुरावा नव्हे.

तिसरी चूक सर्वांत फसवी आहे. दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेली संख्या कधीकधी मजकूर म्हणून साठते. ती दिसते संख्येसारखी, पण SUM तिला वगळते. आडवी बेरीज, उभी बेरीज आणि वर दिलेला ताळा हे सगळेच SUM वर उभे असल्यामुळे तिघेही जुळतात. येथे रकमा न मोजता चौकटी मोजाव्यात. सहा शीर्षे आणि चार तिमाह्या म्हणजे 24 चौकटी, म्हणून `=COUNT(B2:E7)` चे उत्तर 24 च यायला हवे. ते 23 आले, तर एक चौकट रिकामी आहे किंवा तिच्यात मजकूर आहे. याच कारणासाठी खर्च नसलेल्या तिमाहीत चौकट रिकामी न ठेवता 0 लिहावे.

यानंतरची चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते आणि तिला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. फाइलची प्रत घ्यावी, शेवटच्या शीर्षाच्या शेवटच्या तिमाहीत 1,000 वाढवावेत आणि एकूण रक्कम बरोबर 1,000 ने वाढते का, ते पाहावे. वाढली नाही, तर ती ओळ बेरजेत नाही, किंवा बेरजेच्या चौकटीत कोणीतरी सूत्राऐवजी आकडाच टाइप केला आहे, किंवा आपोआप गणना बंद आहे. 2,000 ने वाढली, तर ती रक्कम दोनदा मोजली जात आहे. हीच चाचणी पहिल्या ओळीवर आणि नंतर घातलेल्या प्रत्येक ओळीवर करावी. सूत्राच्या जागी बसलेले आकडे शोधण्यासाठी `` Ctrl+` `` दाबून सगळी सूत्रे उघडी करावीत; ज्या स्तंभात सगळीकडे = पासून सुरू होणारी सूत्रे आहेत, तिथे मध्येच आलेला कोरा आकडा लगेच डोळ्यांत भरतो.

हजारांत छापलेल्या तक्त्यात मात्र थोडा फरक निर्दोषही असू शकतो. 12.4 ची रक्कम तीन ओळींत असेल, तर छापताना प्रत्येकी 12 दिसते आणि बेरीज 37.2 ची 37 दिसते, पण वाचणारा 36 मोजतो. पाच ओळींच्या तक्त्यात अशा पूर्णांकनाने जास्तीत जास्त 2 चा फरक पडू शकतो: प्रत्येक ओळीचा अर्धा धरून फार तर अडीच होतात आणि छापलेला फरक नेहमी पूर्ण संख्येत असतो. त्याहून मोठा फरक पूर्णांकनाच्या माथी मारू नये, आणि लहान असला तरी जुळवण्यासाठी एखादा आकडा बदलू नये. तक्त्याखाली एका ओळीची टीप पुरते.

हे सगळे जमल्यावर अंदाजपत्रकाची पीडीएफ प्रत उघडावी आणि सोबतच्या पत्रातली, सारांशातली आणि तक्त्यातली एकूण रक्कम अंकाअंकाने ताडून पाहावी. पत्र आधी लिहिलेले असते आणि प्रशिक्षणाची ओळ नंतर आलेली असते, म्हणून पत्रात 14,66,000 आणि तक्त्यात 15,06,000 राहून जाण्याची शक्यता इथेच सर्वाधिक असते.