सीओपीडीची उचल आणि ऑक्सिजनची मर्यादा

सीओपीडी हा श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. त्याच्या रुग्णाची धाप एक-दोन दिवसांत वाढते, खोकला आणि बेडका वाढतो, म्हणजे आजार उचल खातो, तेव्हा बहुतेक वेळा विषाणू किंवा जिवाणू संसर्गाने, कधी प्रदूषित हवेने, श्वासनलिकांच्या अस्तराला सूज आलेली असते. आधीच अरुंद असलेल्या नळ्या आणखी आवळल्या की श्वास बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. घाबरलेला रुग्ण मात्र भरभर श्वास घेतो आणि मागची हवा पुरती निघण्याआधीच पुढची आत येते. फुफ्फुस फुगत जाते, श्वासपटल सपाट होते आणि श्वासाचे स्नायू थकतात. उपचारांचा वाद समजून घेताना हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे लागते, कारण प्रतिजैविके, स्टेरॉइड आणि ऑक्सिजन हे तिन्ही उपचार यातल्या वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात.

प्रतिजैविकांचा प्रश्न 1987 मधील एका चाचणीने बराच मार्गी लावला. धाप वाढणे, बेडका वाढणे आणि बेडक्यात पू दिसणे ही तिन्ही लक्षणे असलेल्यांना प्रतिजैविकांचा फायदा झाला, एकच लक्षण असलेल्यांना तो स्पष्ट दिसला नाही. आजही हिरवट-पिवळा झालेला बेडका हीच सर्वांत उपयोगी खूण मानली जाते. पुढे 2019 मध्ये रक्तातील सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन पाहून निर्णय घेतल्यास प्रतिजैविकांचा वापर कमी होतो आणि रुग्णाचे नुकसान होत नाही, असेही दिसले. स्टेरॉइड सुजेवर काम करते. ते पूर्वी दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिले जाई, पण 2013 च्या चाचणीत रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोन 5 दिवस देणे 14 दिवसांपेक्षा कमी पडले नाही. रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असतील तर त्याचा गुण अधिक येतो.

खरा गुंता ऑक्सिजनचा आहे, आणि त्यामागे एक अर्धवट खरे स्पष्टीकरण आहे. भरपूर ऑक्सिजन दिल्यावर काही रुग्णांना गुंगी येते आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत होते. या रुग्णांचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवरच चालतो, कमतरता भरली की तो मंदावतो, असे शिकवले गेले. 1980 मध्ये तीव्र श्वसनविफलतेच्या रुग्णांना शुद्ध ऑक्सिजन देऊन मोजमाप केले तेव्हा श्वसनाचे एकूण प्रमाण सुरुवातीला घटून 15 मिनिटांत जवळपास पूर्ववत झाले, तरी कार्बन डायऑक्साइड सरासरी 23 एमएम एचजीने वाढला. म्हणजे श्वास मंदावणे हे मुख्य कारण नव्हते. हवा नीट न पोहोचणाऱ्या वायुकोशांकडचा रक्तपुरवठा शरीर आखडून ठेवते. जादा ऑक्सिजन हा आवळ सोडतो आणि रक्त अशा ठिकाणी वळते जिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येत नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरून ठेवते. जुने स्पष्टीकरण तरीही वर्गांतून आणि वॉर्डांतून गेले नाही. माझ्या मते याचा तोटा दुहेरी झाला: काहींनी ऑक्सिजन देण्याचीच धास्ती घेतली, काहींनी श्वास मंदावलेला दिसत नाही म्हणून तो मोकळ्या हाताने दिला.

2010 मध्ये टास्मानियातील रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या चाचणीने या चर्चेला मृत्यूचे आकडे जोडले. सरसकट जास्त ऑक्सिजन मिळालेल्या गटात, पुढे निदान पक्के झालेल्या सीओपीडी रुग्णांपैकी 9 टक्के दगावले. रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता 88 ते 92 टक्के राखून दिलेल्या गटात हे प्रमाण 2 टक्के होते. हीच मर्यादा आज रूढ आहे.

व्यवहारात काय होते ते पाहू. समजा, साध्या हवेवर 82 टक्के संपृक्तता असलेल्या रुग्णाला मास्कने मिनिटाला 10 लिटर ऑक्सिजन लावला. आकडा 98 झाला, सर्वांना हायसे वाटले, आणि तासाभरात रुग्ण पेंगू लागला. रक्तवायू तपासणीत पीएच 7.25, म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेले, आणि कार्बन डायऑक्साइड 80 एमएम एचजी आला. सुरुवातीलाच ऑक्सिजनचे प्रमाण ठरावीक ठेवणारा 24 किंवा 28 टक्क्यांचा व्हेंचुरी मास्क लावून अर्ध्या-एक तासाने तपासणी केली असती, आणि नेब्युलायझर ऑक्सिजनऐवजी हवेवर चालवला असता, तर बहुधा हे टळले असते. आता मात्र घाबरून मास्क काढून टाकणे ही दुसरी चूक ठरेल, कारण वायुकोशांत साठलेला कार्बन डायऑक्साइड लगेच जात नाही, तो ऑक्सिजनची जागा अडवतो आणि संपृक्तता मुळातल्या 82 च्याही खाली घसरते. म्हणून ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने कमी करून संपृक्तता 88 ते 92 पर्यंत आणतात आणि पीएच 7.35 च्या खालीच राहिला तर घट्ट मास्कने श्वासाला यंत्राचा आधार देतात.