समर्थनाची अनवस्था

एखादी समजूत नुसती खरी असून भागत नाही, ती मानायला कारणही लागते. पण ते कारण हीसुद्धा एक समजूतच असते, आणि मग तिलाही कारण विचारता येते. या प्रश्नांना शेवट नसेल तर कोणत्याच समजुतीचे समर्थन पुरे होणार नाही, अशी ही अडचण आहे. भारतीय तर्कपरंपरेत तिला ‘अनवस्था’ म्हणतात. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, नेमके हेच विचारले होते: ज्ञानाची साधने, म्हणजे प्रमाणे, दुसऱ्या प्रमाणांनी सिद्ध होत असतील, तर ती दुसरी कशाने? ग्रीक संशयवाद्यांमध्ये ही मांडणी अग्रिप्पाच्या नावावर आहे. त्याच्या मते कारणे विचारत गेले की तीनच गोष्टी घडतात. साखळी संपत नाही, ती गोल फिरून मूळ जागी येते, किंवा कुठेतरी विनाकारण थांबते.

व्यवहारातले एक उदाहरण घेऊ. दुकानदाराच्या तराजूतले वजन 1 किलोचे आहे असे आपण मानतो, कारण त्यावर वैध मापन निरीक्षकाची मुद्रा आहे. निरीक्षकाचे कार्यकारी मानक बरोबर, कारण ते दुय्यम मानकाशी ताडलेले. दुय्यम मानक संदर्भ मानकाशी. संदर्भ मानक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या 57 क्रमांकाच्या प्रतीशी. आणि ती प्रत, 2019 पर्यंत तरी, पॅरिसजवळच्या सेव्हरे येथील प्लॅटिनम-इरिडियमच्या मूळ किलोग्रॅमशी. त्याच्या पलीकडे काय?

साखळी न संपण्यात नेमके काय बिघडते, याचे नेहमीचे उत्तर असे की मर्यादित मनाला अनंत कारणे मोजून संपवता येत नाहीत. हे उत्तर तोकडे आहे. प्रत्येक संख्येच्या पुढे एक संख्या असते हे जाणणारा माणूस अनंत गोष्टी मानायला तयार असतोच, त्या एकेक करून मनात आणाव्या लागत नाहीत. खरा दोष वेगळाच आहे. समजा कोणी म्हणाले, ‘हे वजन 1000 ग्रॅमहून जास्त आहे, कारण ते 1000.9 हून जास्त आहे, कारण ते 1000.99 हून जास्त आहे…’ इथे प्रत्येक कारणातून आधीचे विधान तर्कशुद्धपणे निघते आणि साखळी कधी संपत नाही. आता दुसरा म्हणाला, ‘ते 1000 हून कमी आहे, कारण ते 999.1 हून कमी आहे, कारण ते 999.01 हून कमी आहे…’ ही साखळीही तितकीच निर्दोष आणि तितकीच अनंत. दोन्ही विधाने खरी असू शकत नाहीत, पण साखळ्यांकडे पाहून कोणते घ्यावे हे ठरत नाही. प्रत्येक दुवा ‘पुढचा खरा असेल तर मीही खरा’ एवढेच सांगतो. समर्थन असेल तर ते पुढे सरकते, पण ते मुळात कुठून आले याचा पत्ता लागत नाही. पीटर क्लाइनसारखे मोजके तत्त्वज्ञ अनंत साखळीचाच पुरस्कार करतात. त्यांनाही कोणत्याही साखळीपेक्षा अधिक काहीतरी मागावे लागते.

मूलाधारवाद म्हणतो की साखळी थांबते आणि ती विनाकारण थांबत नाही. काही समजुतींना समर्थन असते, पण ते दुसऱ्या समजुतीकडून आलेले नसते. अ‍ॅरिस्टॉटलने सिद्धतेविना ज्ञात होणारी प्रथम तत्त्वे मानली. देकार्तने 1641 मध्ये शंकेच्या पलीकडचा पाया शोधला. आजचे बहुतेक मूलाधारवादी एवढी खात्री मागत नाहीत. इंद्रियानुभवातून थेट आलेली समजूत, तिच्या विरुद्ध काही दिसेपर्यंत, ग्राह्य मानायची, एवढे त्यांना पुरते. ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक आले तरच ते डळमळते, हा मीमांसक कुमारिल भट्टाचा पक्ष याच्या बराच जवळ जातो.

पाया नुसत्या व्याख्येने घालता येत नाही, हे किलोग्रॅमच्या उदाहरणात चांगले दिसते. सेव्हरेचे वजन 1 किलोचे आहे हे 2019 पर्यंत व्याख्येनेच खरे होते, त्यामुळे ते चुकूच शकत नव्हते. तरी सुमारे शंभर वर्षांत ते आणि त्याच्या प्रती यांच्यात 50 मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडला. मूळ वजन हलके झाले की प्रती जड झाल्या, हे व्याख्येला सांगता येईना. न चुकण्याची हमी मिळाली, पण जगाबद्दलची माहिती तेवढीच कमी झाली.

अनुभवावर पाया घातला तर विल्फ्रिड सेलर्सचा 1956 चा आक्षेप समोर येतो. काटा मध्यावर दिसणे ही निव्वळ संवेदना असेल, तर तीत काही विधानच नाही. मग ती ‘दोन्ही पारडी समान’ या समजुतीचे कारण कशी होईल? आणि ‘काटा मध्यावर आहे’ असे विधान तीत असेल, तर ते का मानावे हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. माझ्या मते मूलाधारवादाची खरी परीक्षा इथेच होते. चुकू शकणारा पाया चालेल असे म्हटल्याने हा पेच सुटत नाही.

सुसंगतिवाद प्रश्नाचे गृहीतकच नाकारतो. तो वर्तुळाकार युक्तिवादाची पाठराखण करतो अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. समर्थन एका समजुतीकडून दुसरीकडे ओळीने जाते हेच त्याला मान्य नाही. लॉरेन्स बॉनजोर यांनी 1985 मध्ये मांडल्याप्रमाणे समर्थन मिळते ते सबंध व्यवस्थेला, आणि एकेक समजूत त्या व्यवस्थेतल्या आपल्या जागेमुळे समर्थनीय ठरते. वजनांच्या दुनियेतही असेच काही घडले. 20 मे 2019 पासून किलोग्रॅम क्वांटम भौतिकीतल्या प्लांक स्थिरांकाच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर आधारला आहे. ते मूल्य ठरवताना विजेच्या मोजमापातून वस्तुमान काढणारा किबल तराजू आणि अणूंची संख्या मोजण्यासाठी घडवलेला सिलिकॉनचा गोल या दोन अगदी वेगळ्या पद्धतींचे आकडे जुळतात का, हे पाहिले गेले.

पण जुळण्यात बळ कुठून येते? सी. आय. लुइस यांनी 1946 मध्ये साक्षीदारांचे उदाहरण घेऊन हा प्रश्न सोडवू पाहिला. समजा 1 ते 100 मधला एक आकडा ओळखायचा आहे. दोन साक्षीदार आपसात न बोलता एकच आकडा सांगतात. प्रत्येक जण खरे सांगण्याची शक्यता 10 टक्के आणि चुकला तर उरलेल्या 99 पैकी कोणताही आकडा सांगतो असे धरले, तर जुळलेला आकडा खरा असण्याची शक्यता सुमारे 55 टक्के होते. तिसराही तोच आकडा म्हणाला तर ती 93 टक्क्यांवर जाते. आता प्रत्येकाची विश्वासार्हता 1 टक्का धरा, म्हणजे निव्वळ अंदाज. मग दोघांचे जुळले तरी शक्यता 1 टक्काच राहते, आणि साक्षीदार कितीही वाढवले तरी ती हलत नाही. ते आधी आपसात बोलले असतील, तर 10 टक्क्यांचा हिशेबही कोसळतो.

म्हणजे सुसंगती विश्वासार्हता वाढवते, शून्यातून निर्माण करत नाही. नीट रचलेली कादंबरीही सुसंगत असते, या जुन्या आक्षेपाचे हे गणिती रूप. सुरुवातीचे ते 10 टक्के सुसंगतीतून आलेले नाहीत. ते मान्य करणे म्हणजे दुबळा का होईना, मूलाधार मान्य करणे. लुइस स्वतः मूलाधारवादीच होते, आणि बॉनजोर यांनीही पुढे सुसंगतिवाद सोडून तीच बाजू घेतली. सुसान हाक यांनी 1993 मध्ये दोन्ही मते जोडली: अनुभवाचा आधार हवाच, पण तो किती पेलतो हे बाकीच्या समजुतींशी ताडूनच कळते.