जांभ्याच्या जमिनीतील अर्थिंग आणि गप्प राहणारा एमसीबी

डिचोली तालुक्यातील एका सड्यावरच्या, म्हणजे जांभा दगडाच्या पठारावरच्या, घरातून मे महिन्यात तक्रार आली. विहिरीवरच्या पंपाला हात लागला की झिणझिण्या येत होत्या आणि विजेचे बिलही वाढले होते. माझ्याबरोबर आयटीआयचा एक शिकाऊ मुलगा होता. त्याने आधी बोर्ड उघडला, १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा ब्रेकर, पाहिला आणि म्हणाला, "सर, एमसीबी पडलेला नाही, म्हणजे शॉर्ट नसणार. अर्थिंगची हिरवी वायरही जोडलेली आहे." त्याची दोन्ही निरीक्षणे बरोबर होती, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. अर्थिंग, फ्यूज आणि ब्रेकर यांचे परस्परसंबंध समजून घेण्यासाठी मला हे उदाहरण फार उपयोगी वाटते.

फ्यूजची तार किंवा एमसीबी यांना माणसाला शॉक बसला हे कळत नाही. आपल्यातून किती करंट जातो एवढेच त्यांना कळते. फ्यूजची तार जास्त करंटाने तापून वितळते. एमसीबीमध्ये दोन वेगळ्या यंत्रणा असतात. थोडा जास्त करंट बराच वेळ वाहिला, तर आतील दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका सोडते. करंट एकदम फार वाढला, तर एक कॉइल चुंबक होऊन तोच खटका क्षणार्धात ओढते. मोटारीसाठी सहसा 'सी' प्रकारचा एमसीबी लावतात आणि त्याची कॉइल निर्धारित करंटाच्या ५ ते १० पट करंटावर काम करते. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडेलच याची खात्री हवी असेल, तर बिघाडाच्या वेळी त्यातून १६० अँपिअर वाहायला हवेत.

आता आपल्या पंपात काय झाले ते पाहू. टर्मिनल बॉक्समध्ये फेजच्या वायरीचे इन्सुलेशन कुरतडले जाऊन तांबे बॉडीला टेकले होते. तेथून करंटाला परत ट्रान्सफॉर्मरपर्यंत जायचे असते आणि अशा घरांत अर्थिंग ग्राहकाच्या स्वतःच्या रॉडवर असल्याने तो मार्ग जमिनीतून जातो:

```
फेज → एमसीबी → पंपाची बॉडी → हिरवी वायर → घराचा रॉड (३८ ओहम)
                                                  ↓
                                                जमीन
                                                  ↓
न्यूट्रल ← ट्रान्सफॉर्मर ← ट्रान्सफॉर्मरचे अर्थिंग (२ ओहम)
```

रॉडचा रोध आम्ही अर्थ टेस्टरने मोजला, तो ३८ ओहम निघाला. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचे २ ओहम मी अंदाजाने धरले आहेत. वायरींचा रोध त्यामानाने नगण्य आहे. मग ओहमच्या नियमाने बिघाडाचा करंट येतो २३० भागिले ४०, म्हणजे ५.७५ अँपिअर. पंप स्वतः सुमारे ५ अँपिअर घेत होता. दोन्ही मिळून सुमारे १० अँपिअर होतात आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्यात वावगे काहीच दिसत नाही. तो आयुष्यभर गप्प बसेल. जुना फ्यूजही तसाच बसला असता.

दुसरीकडे, ५.७५ अँपिअर गुणिले ३८ ओहम म्हणजे जवळजवळ २१८ व्होल्ट. आजूबाजूच्या जमिनीच्या तुलनेत पंपाच्या बॉडीवर जवळपास पूर्ण फेज उभा होता. घरातील बाईंना नुसत्या झिणझिण्या आल्या, कारण पायांत रबरी चपला होत्या आणि मे महिन्यातली जमीन कोरडी ठणठणीत होती. जूनमध्ये ओल्या काठावर अनवाणी पायांनी हात लागला असता, तर ही तक्रार करायला कोणी उरले नसते. बिलाचे कोडेही येथेच सुटते: जमिनीत सुमारे १.३ किलोवॅट उष्णता होऊन जात होती. पंप रोज दोन तास चालत असेल, तर महिन्याला जवळपास ८० युनिट नुसते माती तापवण्यात गेले.

या सगळ्याचे मूळ जांभ्यात आहे. पाणी झिरपून जाणारा, सच्छिद्र, उन्हाळ्यात पार सुकणारा हा दगड वीज फार वाईट वाहून नेतो. मीठ-कोळशाचा खड्डा करून पाणी घातले की रोध उतरतो, पण मीठ पावसाने धुऊन जाते आणि पाणी घालणे कोणाच्या लक्षात राहत नाही. १६० अँपिअर मिळवायचे तर पूर्ण मार्गाचा रोध १.४४ ओहमपेक्षा कमी हवा. सड्यावर ते एका रॉडने जमणार नाही, दोन-तीननीही नाही.

शिकाऊ मुले येथे हमखास एक चूक करतात आणि ती मुद्दाम सांगतो. फेज आणि अर्थिंग यांमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून, तो पेटला की "अर्थिंग चांगले" असे ठरवतात. पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. त्यापुढे ३८ ओहम नगण्य आहेत, म्हणून तो जवळपास पूर्ण उजेड देतो. बल्ब फक्त तार तुटलेली नाही एवढेच सांगतो. अर्थिंग कमी पडते म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडणे ही तर याहून वाईट चूक आहे, कारण पुढे न्यूट्रल कोठेही तुटला की फेज उपकरणातून फिरून थेट बॉडीवर येतो.

खरा उपाय म्हणजे करंटाची गळती ओळखणारा ब्रेकर, आरसीसीबी. त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकाच लोखंडी कड्यातून जातात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखे असतील, तर त्यांचे चुंबकत्व एकमेकांना खोडते. काही भाग जमिनीतून निसटला, की उरलेला फरक खटका सोडतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घेतात. आपल्या ५,७५० मिलिअँपिअरच्या गळतीवर तो सेकंदाच्या २५व्या भागाच्या आत पडतो. बॉडीवर ५० व्होल्टपेक्षा जास्त राहू न देण्यासाठी रॉडचा रोध ५० भागिले ०.०३, म्हणजे सुमारे १,६६० ओहमपर्यंत असला तरी हिशेब जुळतो. ३८ ओहम त्यात आरामात बसतात. मात्र रॉड काढून टाकायचा नाही: तो नसेल तर गळतीला वाट नाही आणि आरसीसीबी पडण्यासाठी कोणाचा तरी हात बॉडीला लागण्याची वाट पाहावी लागेल. शिवाय आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, त्यामुळे एमसीबी हवाच. आणि एका हातात फेज व दुसऱ्यात न्यूट्रल धरणाऱ्याला तो पंखा आणि माणूस यांतला भेद करून वाचवत नाही.

दुरुस्तीच्या दिवशी आम्ही मेन बंद केला, हँडलला कुलूप घातले आणि किल्ली मुलाच्या खिशात ठेवली. त्याने टेस्टर आधी चालू लाईनवर, मग पंपाच्या टर्मिनलवर आणि पुन्हा चालू लाईनवर लावून पाहिला, कारण बिघडलेला टेस्टर मेलेली आणि जिवंत वायर सारखीच दाखवतो. मोटारीचा कॅपॅसिटर रोधकातून रिकामा केला. वायर बदलल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांमधील इन्सुलेशन मोजले. ते १ मेगओहमच्या खाली असते तर पंप जोडला नसता. आरसीसीबी बसवून त्याचे टेस्ट बटन दाबले आणि तो पडला.

मुलगा म्हणाला, "म्हणजे अर्थिंगही ठीक." ते बटन आतल्या आत, फेजमधून एका रोधकातून कड्याला बगल देत थोडा करंट फिरवते, त्यामुळे अर्थची वायर तुटलेली असली तरी आरसीसीबी तेवढ्याच खुशीत पडतो. म्हणून महिन्यातून एकदा बटन दाबायला बाईंना सांगितले आणि रॉड मोजण्याची तारीख वहीत लिहून ठेवली: पुढचा मे, पाऊस लागण्याआधी. जुलैमध्ये ओल्या मातीत मोजलेला आकडा कोरड्या उन्हाळ्यातली वाईट स्थिती दाखवत नाही.