लेबलचं चित्र एआयकडून काढताना नावाची जागा कशी राखावी

चहा-मसाल्याच्या लेबलसाठी एआयने काढलेलं चित्र घेऊन आमच्याकडे छपाईला येणाऱ्या ग्राहकांची अडचण बहुधा एकच असते: चित्र देखणं, पण नाव लिहायला जागाच नाही. प्रॉम्प्ट लिहितानाच हे टाळता येतं.

समजा, वेलची चहाचं ८० × १२० मिमीचं उभं लेबल हवं आहे. ‘वेलची चहाच्या पाकिटाचं लेबल, सुंदर चौकट, नावासाठी मोकळी जागा’ असं लिहिलंत, तर अनेकदा टेबलावर ठेवलेलं पाकीटच समोर येतं, सावलीसकट, आणि त्यावर कोणत्याच भाषेची नसलेली अक्षरं. ‘पाकीट’ म्हटलं की एआय ती वस्तूच काढतं आणि ‘लेबल’, ‘नाव’ म्हटलं की अक्षरं. ‘अक्षरं नकोत’ असं बजावूनही पुष्कळदा ती उमटतातच, कारण शब्द तर आलाच. म्हणून नसण्याचं वर्णन करू नका. मोकळी जागा हीच एक वस्तू समजा आणि तिचा आकार, रंग, ठिकाण सांगा:

```
समोरून दिसणारं सपाट जलरंग चित्र, उभं, प्रमाण 2:3.
पांढऱ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-सोनेरी वेलबुट्टीची चौकट,
चौकटीबाहेर चारही बाजूंना रुंद पांढरी पट्टी.
आत वरच्या अर्ध्यात एकाच क्रीम रंगाचा सपाट आयत.
खाली वेलदोडे आणि चहाची दोन पानं व कळी.
```

आयत थोडा उंचच ठेवा. देवनागरीत वेलांटी वर जाते, उकार खाली उतरतो, त्यामुळे बुटक्या पट्टीत नाव कोंबल्यासारखं दिसतं. नाव स्वतः एआयकडून लिहवून घेऊ नका, जोडाक्षरं फार बिघडतात. ते आम्ही वेगळ्या थरावर फॉन्टमध्ये बसवतो, म्हणजे कडा धारदार राहतात.

बाहेरची पांढरी पट्टी कटिंगसाठी लागते. कापताना कागद एखादा मिलिमीटर सरकतो. चौकट कडेला चिकटलेली असेल, तर तेवढ्यानेही एक बाजू जाड आणि दुसरी बारीक दिसते. कापल्यानंतर कडेपासून चौकटीपर्यंत निदान ४ मिमी उरायला हवेत. शिवाय कापून टाकण्यासाठी चारही बाजूंना ३ मिमी जादा धरतो, म्हणजे चित्र ८६ × १२६ मिमीचं लागतं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, त्याचे साधारण १०१६ × १४८८ पिक्सेल होतात. १०२४ × १५३६ची फाइल जेमतेम पुरते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलीत तर तिचा दर्जा घसरतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चित्र आल्यावर मोठं करून चारही कोपरे ताडून पाहा. एका कोपऱ्यात तीन पानं, दुसऱ्यात चार, असं हमखास होतं. त्यासाठी पुन्हा पुन्हा प्रॉम्प्ट बदलत बसू नका. सर्वांत चांगला कोपरा कोणता ते कळवा. तोच उलटवून आम्ही पूर्ण चौकट जुळवतो. आयतात एखादं पान घुसलं असेल, तर त्यावर त्याच क्रीम रंगाचा आयत टाकतो. पडद्यावरचा झगझगीत हिरवा मात्र छपाईत मंदावतो, म्हणून रंग छापील नमुन्यावरच मंजूर करा.