ग्रंथी आधी की हाडे आधी? पॅराथायरॉइडच्या आजाराची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेतील साठीच्या एखाद्या काकूंचा रक्ताचा अहवाल डोळ्यांसमोर आणावा. अल्ब्युमिन ठीक, कॅल्शियम 11.3 आणि पॅराथायरॉइड हार्मोन 58. हार्मोनची नेहमीची मर्यादा साधारण 15 ते 65 असल्याने त्या आकड्यापुढे कोणतीही खूण नसते आणि घरचे निश्चिंत होतात. पण हे हार्मोन रक्तातील कॅल्शियम वाढवते, म्हणून कॅल्शियम एवढे चढलेले असताना ते जवळजवळ दबून जायला हवे. ते तसे दबलेले नाही, हाच येथे दोष आहे.

हे हार्मोन सोडणाऱ्या मानेतल्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे माणसातील वर्णन स्वीडनच्या इवार सांडस्ट्रॉम यांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या कामाकडे मात्र तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे व्हिएन्नाच्या याकोब एर्डहाइम यांना हाडे मऊ पडलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात या ग्रंथी वाढलेल्या आढळल्या आणि हाडांची हानी भरून काढण्यासाठीच त्या वाढल्या असाव्यात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यामुळे 1925 मध्ये फेलिक्स मांडल यांनी व्हिएन्नातील हाडे झिजलेल्या एका ट्राम कर्मचाऱ्याला आधी दुसऱ्याची ग्रंथी बसवून पाहिली. गुण आला नाही, तेव्हा त्यांनी त्याच्याच मानेतील गाठ काढली. लघवीतून जाणारे कॅल्शियम घटले, वेदना ओसरल्या. काही वर्षांनी आजार उलटला खरा, तरी त्या रुग्णात हाडे झिजवणारी ग्रंथीच होती, हे या शस्त्रक्रियेने दाखवले.

एर्डहाइम यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचेही नव्हते. ड जीवनसत्त्व कमी पडले की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही आणि ग्रंथी खरोखरच भरपाईसाठी जोर लावतात. आपल्याकडे हे फार आढळते. दोन्ही प्रकारांत हार्मोन वाढलेले असू शकते. मात्र भरपाईच्या प्रकारात रक्तातील कॅल्शियम कमी किंवा जेमतेम असते, गाठीच्या प्रकारात ते चढते. म्हणूनच हे दोन आकडे एकाच वेळी घेतलेल्या रक्तातून एकत्र वाचावे लागतात.

चढलेल्या कॅल्शियमचा मोठा भाग हाडांतून येतो आणि मनगटासारख्या ठिकाणचे टणक हाड विशेष विरळ होते. मूत्रपिंड कॅल्शियम परत शोषते, तरी गाळण्याचा भार इतका वाढतो की ते लघवीत उतरून खडे धरते. शिवाय लघवी घट्ट करण्याची ताकद कमी झाल्याने तहान वाढते. मनावरचा परिणाम सर्वांत उशिरा ओळखला जातो, कारण थकवा, उदासी आणि विसराळूपणा वयाच्या नावावर सहज खपून जातात.

काकूंच्या बाबतीत पुढची पायरी म्हणजे तपासणी पुन्हा करणे, लिथियम किंवा थायझाइडच्या गोळ्या चालू आहेत का हे विचारणे आणि 24 तासांच्या लघवीतील कॅल्शियम मोजणे. ते फारच कमी निघाले, तर मानेत गाठ नसून कॅल्शियम ओळखण्याची पातळीच जन्मतः वर सरकलेली असण्याची शक्यता असते, आणि अशा रुग्णाला शस्त्रक्रियेने सहसा काहीच लाभ होत नाही.