चमच्यातली हवा

नागपूरच्या नंदनवनात राहणारा माझा भाचा आणि त्याचा जिममधला मित्र, दोघांनी 10 मे रोजी सीताबर्डीवरच्या एकाच दुकानातून क्रिएटिनचे, म्हणजे व्यायाम करणारे स्नायूंसाठी घेतात त्या पावडरचे, दोन डबे घेतले. एकाच कंपनीचे, प्रत्येकी 250 ग्रॅमचे. दोघंही त्याच दिवसापासून रोज ‘5 ग्रॅम’ घेऊ लागले. 14 जूनला भाच्याचा डबा संपला आणि मित्राच्या डब्यात निम्म्याहून जास्त पावडर शिल्लक होती. भाचा डबा घेऊनच माझ्याकडे आला. “मामा, डबा इतक्या लवकर काहून संपला? मी तर रोज एकच चमचा घेतो. चमचा म्हणजे 5 मिली, अन् 5 मिली म्हणजे 5 ग्रॅमच ना?”

मोजमापातली जवळजवळ सगळी गडबड या एका प्रश्नात आहे. 5 मिली म्हणजे 5 ग्रॅम हे पाण्यासाठी खरं आहे. शाळेत आपण घनता शिकतो ती पाण्यापासून, म्हणून 1 मिलीला 1 ग्रॅम हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं आणि मग आपण ते तेलाला, पिठाला, औषधाच्या भुकटीला सरसकट लावत सुटतो. चमचा आणि स्कूप ही आकारमानाची मापं आहेत. डब्यावर लिहिलेला डोस असतो वजनात. या दोहोंच्या मधे जी गोष्ट उभी असते ती म्हणजे पावडरच्या कणांमधली हवा.

आधी भाच्याचा हिशेब करू. 10 मे ते 14 जून म्हणजे 36 दिवस. 250 भागिले 36 म्हणजे रोज जवळपास 7 ग्रॅम. तो चमचा भरत होता तो शिगोशीग, म्हणजे वर ढीग लावून. मित्राची रीत वेगळी. त्याच्याकडे दुसऱ्या कुठल्याशा पावडरच्या डब्यातला जुना स्कूप होता, ज्याच्या बुडाशी ‘10 सीसी’ असं उमटवलेलं होतं. 10 सीसी म्हणजे 10 ग्रॅम असं धरून तो अर्धा स्कूप घेत होता. त्याच्या पोटात रोज जेमतेम 3 ग्रॅम जात होतं. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, म्हणजेच मिली. वजनाशी त्याचा संबंध आत काय भरलंय यावरच ठरतो. म्हणून एका डब्यातला स्कूप दुसऱ्या डब्याला लावणं हा मापातला सर्वांत सहज होणारा घोटाळा.

आता ती हवा. क्रिएटिन मोनोहायड्रेटचा सलग स्फटिक घेतला तर त्याची घनता मिलीला सुमारे 1.3 ते 1.4 ग्रॅम भरते, म्हणजे तो पाण्यापेक्षा जड आहे. पण त्याच पदार्थाची बारीक पावडर चमच्यात सपाट भरली तर मिलीला साधारण 0.5 ते 0.7 ग्रॅमच बसते. याचा सरळ अर्थ असा की सपाट भरलेल्या चमच्यात निम्मी किंवा त्याहून जास्त जागा हवेने व्यापलेली असते. हरभरे डब्यात भरले तरी मधे फटी राहतात, पण त्या इतक्या नसतात. गोल, कोरडे, घरंगळणारे दाणे एकमेकांच्या खोबणीत सरकून बसतात आणि साठ टक्क्यांच्या आसपास जागा भरून टाकतात. बारीक पावडर तसं करत नाही, आणि का करत नाही हे मला पदार्थविज्ञानातल्या अतिशय सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

दोन कण एकमेकांना टेकले की त्यांच्या पृष्ठभागातल्या रेणूंमध्ये क्षीण ओढ निर्माण होते. तिला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. ही ओढ कणाच्या व्यासाच्या प्रमाणात बदलते. कणाचं वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. समजा कण व्यासाने निम्मा केला. त्याचं वजन आठव्या हिश्श्यावर आलं, पण चिकटण्याची ओढ फक्त निम्मी झाली. म्हणजे वजनाच्या तुलनेत ओढ चौपट झाली. पुन्हा निम्मा करा, सोळापट. असं करत कण साधारण 100 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या, खाली गेला की वजनाला ही ओढ जुमानेनाशी होते. कण खाली पडतो, पहिल्या ज्या शेजाऱ्याला टेकतो त्यालाच धरून बसतो, आणि खाली रिकामी जागा असूनही तिच्यात घसरत नाही. अशा कणांच्या साखळ्या आणि कमानी तयार होतात, आणि कमानींखाली हवा अडकून राहते. बाजारात ‘मायक्रोनाइज्ड, 200 मेश’ म्हणून जे क्रिएटिन मिळतं त्याचे कण 75 मायक्रॉनच्या आतले असतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतके किंवा त्याहून बारीक. ते नेमकं या चिकट प्रदेशात येतं.

याचा स्वयंपाकघरातला पुरावा रोज समोर असतो. एक कप दाणेदार साखर सुमारे 200 ग्रॅम भरते, आणि त्याच कपात पिठीसाखर सुमारे 120 ग्रॅम. साखर तीच, कप तोच. बारीक केल्याने ती दाटून बसेल असं वाटतं आणि होतं उलटं. क्रिएटिनचंही तसंच, त्यामुळे जुन्या जाडसर पावडरवर बसवलेलं चमच्याचं माप नव्या बारीक पावडरला कमी पडतं.

या कमानी नाजूक असतात. डबा टेबलावर चार वेळा आपटला की त्या मोडतात आणि पावडर खाली बसते. काचेच्या सरळ पेल्यात दहा चमचे पावडर हलकेच घालून पेला पन्नास वेळा ठोकून पाहा, पातळी डोळ्यांदेखत उतरते. धान्य पायलीने मोजायचे तेव्हा घेणारा ‘जरा हलवून भरा’ म्हणायचा आणि देणारा माप न हलवता वरून हात फिरवायचा, त्या ओढाताणीत हेच विज्ञान होतं. शीग ठेवायची की मोडायची हा वाद तर वेगळाच. चहाच्या चमच्याचं तोंड सुमारे 10 चौरस सेंटिमीटरचं धरलं आणि त्यावर दीड सेंटिमीटर उंचीचा ढीग चढवला, तर शंकूच्या सूत्राने त्या ढिगातच 5 मिली पावडर मावते. म्हणजे शिगेत आणखी एक पूर्ण चमचा लपलेला असतो. चमचा डब्याच्या भिंतीला दाबून भरला की पावडर दबतेही. भाच्याचे 7 ग्रॅम असे जमले होते.

मग घरी वजनकाटा नसताना आपल्या चमच्याचं वजन काढायचं कसं? दोरी, कपड्यांचा हँगर, चहाचे दोन सारखे कागदी कप आणि औषधाच्या दुकानातली 5 मिलीची सिरिंज एवढ्यावर काम होतं. हँगर खिळ्याला मोकळा टांगायचा, दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी कप लटकवायचे. हँगर एका बाजूला कलत असेल तर वरच्या बाजूच्या दोरीला कागदाचा कपटा चिकटवून तो सपाट करायचा. आता एका कपात पाच सपाट चमचे पावडर घालायची. सपाट म्हणजे चमचा न दाबता भरायचा आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग सरकवून टाकायचा. दुसऱ्या कपात सिरिंजने मोजून पाणी सोडत जायचं, हँगर पुन्हा सपाट होईपर्यंत. जितके मिली पाणी, तितके ग्रॅम पावडर. 5 मिली म्हणजे 5 ग्रॅम हे समीकरण इथे त्याच्या खऱ्या जागी वापरलं. नागपूरच्या उन्हाळ्यात माठाबाहेरचं पाणी 40 अंशांवर असलं तरी त्याची घनता एक टक्कासुद्धा घटत नाही.

आमच्या पाच चमच्यांना 15.5 मिली पाणी लागलं. म्हणजे चमच्याला 3.1 ग्रॅम. असा हँगर अर्ध्या ग्रॅमपर्यंत फसवू शकतो, म्हणूनच एक चमचा न तोलता पाच तोलायचे. ती चूक पाचांत वाटली जाते आणि चमच्यामागे 0.1 ग्रॅमवर येते. भाच्याला तरीही खात्री हवी होती, तेव्हा तीच पावडर पुडीत बांधून इतवारीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवली. 15.3 ग्रॅम. भाच्याचा चेहरा मला अजून आठवतो.

सिरिंज हाताशी होतीच, म्हणून चमच्याचं आकारमानही मोजलं. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. पाणी काठाला आलं तरी सांडत नाही, पृष्ठताणामुळे वर फुगून राहतं. फुगवटा धरला तर आमचा चमचा 6 मिलीचा वाटत होता, पाणी काठाशी सपाट दिसलं तेव्हा 5 मिलीचा निघाला. म्हणजे या पावडरची भरणघनता मिलीला 0.62 ग्रॅम. हा आकडा हाती आला की कुठलाही स्कूप सुटतो. मित्राचा 10 सीसीचा स्कूप सपाट भरला तर 6.2 ग्रॅम, अर्धा भरला तर 3.1. आणि 5 ग्रॅमसाठी आपला चमचा? दीड सपाट चमचा, म्हणजे 4.65 ग्रॅम. पण हा आकडा या डब्याचा आणि या चमच्याचा. डबा बदलला की हँगर पुन्हा टांगायचा.

एवढी बारकाई शरीराला लागते का? रोजच्या रोज नाही. निरोगी प्रौढासाठी नेहमीचा डोस 3 ते 5 ग्रॅम मानला जातो. स्नायूंमधला साठा काही आठवड्यांत हळूहळू चढतो आणि तसाच हळूहळू उतरतो, त्यामुळे आजचा चमचा अर्ध्या ग्रॅमने कमीजास्त झाल्याने काही बिघडत नाही. महिन्याची सरासरी महत्त्वाची. काही जिममध्ये ‘दोन स्कूप घे, दुप्पट फरक पडेल’ असं छातीठोकपणे सांगतात, ते मात्र साफ चुकीचं आहे. स्नायूंच्या साठ्याला मर्यादा असते, ती भरली की जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, आणि एका दमात जास्त घेतलं तर पोट बिघडतं. सुरुवातीच्या पाच-सात दिवसांत रोज 20 ग्रॅम घेण्याची जी पद्धत आहे तीही साठा लवकर भरण्यापुरती आहे, सक्तीची नाही, आणि त्यातही 5 ग्रॅमचे चार भाग करतात. तिथे मात्र शीग लावलेला चमचा महागात पडतो, कारण 20 चे 28 होतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नये. मूत्रपिंडाचं काम पाहण्यासाठी रक्तात क्रिएटिनिन मोजतात, ते यामुळे थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून आपण हे घेतो ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

मोजून घेतलेलं पोटात जायलाही हवं. साध्या तापमानाच्या लिटरभर पाण्यात साधारण 14 ग्रॅम क्रिएटिन विरघळतं, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात साडेतीन. बाकीचं तळाशी वाळूसारखं राहतं. पेला पुन्हा थोड्या पाण्याने हलवून ते पाणी प्यायचं, नाहीतर दीड चमच्यातलं ग्रॅमभर क्रिएटिन बेसिनमध्ये जातं.

नागपूरच्या हवेचाही यात हात आहे. मे महिन्याच्या कोरड्या उष्म्यात प्लास्टिकचा स्कूप घासला जाऊन विजेचा भार धरतो आणि पावडर त्याच्या भिंतींना चिकटून राहते. स्टीलच्या चमच्याने तो त्रास कमी होतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उघड्या राहिलेल्या डब्यात गाठी धरतात. क्रिएटिन त्याने खराब होत नाही, माप खराब होतं, कारण गाठीच्या आत पावडर दाटलेली आणि गाठींच्या मधे मोठ्या पोकळ्या. चहाच्या कोरड्या गाळणीतून ती चाळून घ्यावी. चाळली की ती बेसनासारखी फुलते, म्हणून चमच्याचं वजन पुन्हा एकदा काढावं.

भाच्याच्या नव्या डब्यावर आम्ही मार्करने दोन तारखा लिहिल्या. 250 ग्रॅमला रोज 4.65 ग्रॅम म्हणजे साधारण 54 दिवस. उघडला 20 जून, संपायला हवा 12 ऑगस्ट. तो ऑगस्टच्या पहिल्या दोन-चार दिवसांतच संपला, तर चमच्यावर पुन्हा शीग चढू लागली आहे.