ट्रॅकिंग शीटमधल्या तारखा आणि आकडे: कोणी, कसे भरायचे

नमस्कार मंडळी,

मागच्या आढाव्यात एक काम तीस दिवस रखडलेलं दिसलं. प्रत्यक्षात ते वेळेवर झालं होतं. मुदत ३ एप्रिल होती आणि भरणाऱ्याने `03/04/2025` असं लिहिलं होतं. आपल्या शीटचं `Locale` अमेरिकेचं असल्याने शीटने ती ४ मार्च धरली. ज्यांचं काम होतं त्यांना विनाकारण खुलासा द्यावा लागला, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून सोमवारपासून तारीख फक्त `2025-04-03` अशी लिहायची: वर्ष, महिना, दिवस. `Locale` कोणतंही असलं तरी ही तारीख एकाच अर्थाने वाचली जाते. शीटमध्ये बदल करण्याची परवानगी असलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे. ज्यांना फक्त बघता येतं, त्यांनी काही करायचं नाही.

जुन्या नोंदी मात्र हातानेच तपासाव्या लागतील. `Locale` बदलून भागत नाही, कारण शीटने ४ मार्च एकदा साठवली की ती ४ मार्चच राहते. १२ नंतरच्या दिवसांची चूक लगेच सापडते: `13/04/2025` मध्ये तेरावा महिना नसल्याने शीट तिला मजकूर समजते आणि ती डावीकडे सरकते. खरी तारीख उजवीकडे असते. शंका असेल तर शेजारी हे टाका, `FALSE` आलं की तो मजकूर:

```
=ISNUMBER(B2)
```

१ ते १२ मधल्या तारखा जास्त फसव्या, त्या उजवीकडेच आणि अगदी बरोबर दिसतात. त्यासाठी मूळ ईमेल किंवा कामाची मागणी उघडून ताडून पाहा. ज्याने नोंद केली त्यानेच तपासावी. अदलाबदल झाल्याची खात्री पटली, तरच त्या ओळीला हे वापरा:

```
=DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2))
```

सगळ्या कॉलमला एकदम लावू नका, बरोबर असलेल्या तारखाही उलटतील. मूळ कागद मिळाला नाही तर सेल पिवळा करून मला कळवा, अंदाजाने भरू नका.

आकड्यांचं थोडक्यात. सेलमध्ये नुसता आकडा हवा, एकक कॉलमच्या शीर्षकात. तासांच्या कॉलममध्ये `6`, `4 तास`, `5` असं असेल तर `SUM` ११ दाखवते, १५ नाही. मधला सेल मजकूर म्हणून गाळला जातो आणि चूक झाल्याची कुठलीही सूचना येत नाही. साडेपाच तास `5.5` असे लिहा. `5:30` लिहिलंत तर शीट ती वेळ समजून दिवसाचा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.२२९, साठवते.

आपापल्या ओळी शुक्रवार संध्याकाळपर्यंत तपासून शेवटच्या कॉलममध्ये नाव लिहा. त्यानंतर मी तारखेच्या कॉलमला `Data validation` लावेन, म्हणजे तारीख नसलेला मजकूर शीट घेणारच नाही. उलटी पण वैध तारीख त्याला ओळखता येत नाही, म्हणून हे तपासणं आधी पुरं व्हायला हवं.